एक साडी, दोन गिऱ्हाइकं: इंदूरमधल्या एका दुकानाची शिलकीची शीट

इंदूरच्या रामबागेत घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत माहेश्वरी साड्यांचं एक दुकान आहे. काकू आणि त्यांची सून, जिला आम्ही सगळे वहिनीच म्हणतो, अशा दोघी ते चालवतात, आणि गल्ल्यावर एक मुलगा असतो. महेश्वर तिथून साधारण नव्वद किलोमीटर, त्यामुळे माल थेट विणकरांकडून येतो. मी त्यांचे हिशेब बघतो. दोन वर्षांपूर्वी वहिनींनी एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर साड्या टाकायला सुरुवात केली आणि तिथून ही गोष्ट सुरू झाली.

शनिवारी रात्री दुकान बंद करायच्या सुमारास जांभळ्या रंगाची, चटाई काठाची एक साडी रोखीनं विकली गेली. त्या रंगातला तो शेवटचा नग होता. बिल फाटलं, पैसे गल्ल्यात गेले, साडी पिशवीत गेली. ऑनलाइन बाजाराला यातलं काहीच कळलं नाही. तिथे ‘एक शिल्लक’ तसंच दिसत राहिलं आणि रविवारी सकाळी नागपूरच्या एका बाईंनी ती मागवली. वहिनींना ऑर्डर रद्द करावी लागली. विक्रेत्यानं रद्द केलेल्या ऑर्डरी त्या बाजारात खात्यावर धरल्या जातात, त्यांचं प्रमाण वाढलं की माल यादीत खाली ढकलला जातो. पुढच्या महिनाभरात असंच आणखी काही वेळा झालं आणि वहिनींच्या साड्या शोधूनही सापडेनाशा झाल्या.

तोपर्यंत शीट नव्हती असं नाही. एक्सेलची एक फाईल होती, साडीचं वर्णन आणि पुढे ‘शिल्लक’. साडी विकली की तो आकडा खोडून नवा लिहायचा. विकणारी माणसं तीन, आणि फाईल एकाच संगणकावर. संध्याकाळी गर्दी असेल तर ‘रात्री बसून लिहू’ असं ठरायचं आणि रात्री कोणाला काय आठवतंय त्यावर शिल्लक ठरायची. आकडा चुकलेला दिसला तरी तो कधी आणि कशानं चुकला हे शोधायला मागे काहीच उरत नसे, कारण जुना आकडा पुसून नवा लिहिलेला असायचा.

नवी शीट बांधताना पहिला नियम तोच केला: शिलकीचा आकडा कोणीही हातानं लिहायचा नाही. हातानं लिहायची ती फक्त हालचाल, म्हणजे काय आलं आणि काय गेलं. शिल्लक त्यातून आपोआप निघायची. गूगल शीट्समध्ये ‘Nond’ नावाचं एक पान केलं. एका ओळीत एक हालचाल: वेळ, साडीचा कोड, आलं की गेलं, किती नग, कुठून, आणि बिल किंवा ऑर्डरचा क्रमांक. दुसरं पान ‘Maal’, त्यात प्रत्येक कोडची एकच ओळ, आणि शिल्लक या सूत्रानं:

```
=SUMIFS(Nond!D:D,Nond!B:B,A2,Nond!C:C,"IN")
 -SUMIFS(Nond!D:D,Nond!B:B,A2,Nond!C:C,"OUT")
```

नोंद शीटमध्ये थेट न करता मोबाइलवरच्या गूगल फॉर्ममधून करायची ठरवली. तीन माणसं एकाच शीटमध्ये बोटं घालतात तेव्हा कोणीतरी चुकून दुसऱ्याची ओळ पुसतं, किंवा एकाला रंगाप्रमाणे बघायचं असतं म्हणून तो सगळं क्रमानं लावतो आणि दुसऱ्याची बोटं भलत्याच ओळीवर पडतात. फॉर्म फक्त शेवटी एक ओळ जोडतो आणि वेळ स्वतः टाकतो. चूक झाली तर खोडायची नाही, उलटी नोंद करायची. वहीखात्यात जुनी माणसं हेच करत आली आहेत, काकूंना त्यामुळे ते लगेच पटलं. मुलाला पटवायला जरा वेळ लागला. त्याचं म्हणणं, ‘बिल तर फाडतोच आहे, परत मोबाइलवर कशाला?’ शेवटी बिलाची प्रत गल्ल्यातल्या खिळ्याला टोचण्याआधी फॉर्म भरायचा, अशी सवय लावली. खिळ्याला टोचलेलं प्रत्येक बिल म्हणजे नोंद झालेलं बिल.

कोडवर आमचा जितका वेळ गेला तितका सूत्रांवर गेला नाही. जुन्या फाईलीत एकच साडी ‘मोरपंखी चटाई’, ‘मोरपिशी चटई काठ’ आणि ‘हिरवी-निळी चटाई’ अशा तीन नावांनी होती. संगणकाच्या लेखी त्या तीन वेगळ्या साड्या. म्हणून काठ, रंग आणि खेप असा कोड धरला: `CHT-MRP-3` म्हणजे चटाई काठ, मोरपंखी, तिसरी खेप. आधी वहिनींनी काठ वगळून नुसता रंग आणि खेप घेतली होती. मरून रंगाच्या तिसऱ्या खेपेला `MAR-3` लिहिलं आणि शीटनं त्याची तीन मार्च करून टाकली. काठ पुढे जोडल्यावर ते संकट गेलं. नुसते आकडेही कोड म्हणून नकोत. `007` आणि `7` ही सूत्रं एकच धरू शकतात.

कोडमधली खेप अनेकांना फालतू वाटेल, पण हातमागाच्या मालात ती फार महत्त्वाची आहे. एका ताण्यावर ओळीनं काही साड्या निघतात आणि त्या एकमेकींशी जुळतात. पुढच्या वेळी तोच विणकर तोच रंग म्हणून जे सूत रंगवतो ते थोडं उजळ किंवा गडद येतं. दुकानात गिऱ्हाईक साडी हातात घेऊन बघतं, तिथे काही बिघडत नाही. ऑनलाइनवर मात्र फोटो जुन्या खेपेचा असतो. दोन्ही खेपा एका कोडाखाली घातल्या तर शीट सांगते सात शिल्लक, आणि फोटोतल्यासारख्या असतात दोनच. तिसऱ्या गिऱ्हाइकाला वेगळी छटा जाते आणि साडी परत येते. नग शिल्लक असूनही ती जादा विक्रीच झाली, म्हणजे आपल्याकडे नसलेली साडी विकल्यासारखी. म्हणून नवी खेप आली की नवा कोड आणि नवा फोटो. काकूंना सुरुवातीला हे जिवावर आलं होतं, पण चिठ्ठी शेवटी वहिनीच लिहितात. प्रत्येक साडीच्या घडीत कोडची चिठ्ठी असते आणि विकताना ती काढून फॉर्म भरून होईपर्यंत गल्ल्यावर ठेवतात. दिवसाअखेर गल्ल्यावर चिठ्ठी उरली असेल तर तेवढी नोंद राहिली.

इथवरचं काम म्हणजे शिल्लक खरी करणं. पण शिल्लक खरी असणं आणि ऑनलाइन बाजाराला तेवढीच दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाटात असलेली प्रत्येक साडी विकायला मोकळी नसते. रामबागेतल्या दुकानात तर नाहीच. ‘ही बाजूला ठेवा, मी संध्याकाळी यांना घेऊन येते’ असं सांगून गेलेल्या बाई असतात. व्हॉट्सॲपवर फोटो बघून ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हणणाऱ्या पुण्याच्या मावशी असतात. आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी कोणी तीन साड्या घरी पसंतीला नेतात, त्यातली एक ठेवतात आणि उरलेल्या दोन साड्या चार दिवसांनी परत पाठवतात. या साड्यांचं बिल झालेलं नसतं म्हणून त्या शिलकीत असतात, पण विकायला हातात नसतात.

त्यासाठी ‘Rakhun’ हे तिसरं पान केलं: कोड, नग, कोणासाठी, मुदत कधीपर्यंत, आणि स्थिती. फोनवर किंवा तोंडी सांगून ठेवलेल्या साडीची स्थिती `OPEN`. तिला दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंतची मुदत. मुदत उलटली की ती साडी आपोआप मोकळी धरायची. घरी पसंतीला गेलेल्या साडीची स्थिती `GHARI`. तिला मुदतीचा नियम लावायचा नाही, कारण मुदत संपली तरी साडी काही स्वतःहून चालत कपाटात येत नाही. सूत्रात हा फरक असा येतो:

```
=SUMIFS(Rakhun!B:B,Rakhun!A:A,A2,Rakhun!E:E,"OPEN",Rakhun!D:D,">"&NOW())
 +SUMIFS(Rakhun!B:B,Rakhun!A:A,A2,Rakhun!E:E,"GHARI")
```

`NOW()` मुळे मुदतीची तुलना चालू वेळेशी होते. पण गूगल शीट साधारणपणे काही बदल झाला तरच पुन्हा हिशेब करते, म्हणून फाईलच्या सेटिंगमध्ये हिशेब दर मिनिटाला होईल असं ठेवावं लागलं. काकूंना एवढी घाई पसंत नव्हती. ‘बाई येणारच होत्या, आणि तू विकून मोकळी!’ असं एकदा दुकानातच झालं. तेव्हापासून मुदत संपायच्या आधी वहिनी एक मेसेज टाकतात. उत्तर आलं तर मुदत पुढे ढकलतात, नाही आलं तर साडी मोकळी. सगळ्या वादांवर हा उपाय नाही, पण कोणाची साडी कोणी विकली हे निदान लिहिलेलं असतं.

आता ऑनलाइन बाजाराला कुठला आकडा द्यायचा? तो बाजार स्वतःची विक्री झाली की आपला आकडा स्वतः कमी करतो. दुकानातली विक्री त्याला आपण सांगू तेव्हाच कळते. वहिनी दिवसातून तीनदा आकडे चढवतात: दुकान उघडण्याआधी अकराला, दुपारी तीनला आणि रात्री बंद करताना. मधल्या चार-पाच तासांत दुकानात जे विकलं जाईल ते ऑनलाइनला ठाऊक नसतं. शीट कितीही नेटकी असली तरी हा मधला वेळ काही मिटत नाही. तेवढ्या वेळात दुकानात जास्तीत जास्त जितके नग जाऊ शकतात, तितके ऑनलाइनला दाखवायचेच नाहीत. यालाच आम्ही राखीव म्हणतो. किती ठेवायचा ते अंदाजानं न ठरवता ‘Nond’ पानावरून काढलं. त्या कोडचे दोन चढवण्यांच्या मधे दुकानात सर्वांत जास्त नग कधी गेले होते, तो आकडा घेतला. बहुतेक साड्यांना तो एक निघाला, रोजच्या वापराच्या काही साध्या काठांना दोन. शनिवार-रविवारी आणि लग्नसराईत वहिनी त्यात एक वाढवतात.

पण राखीव नीट असूनही पहिल्या महिन्यात दोनदा जादा विक्री झाली, आणि कारण सापडायला वेळ लागला. `CHT-MRP-3` या साडीचा एक शनिवार बघू.

सकाळी अकराला कपाटात ९ नग होते. त्यातला एक पुण्याच्या मावशींसाठी ठेवलेला. राखीव २. म्हणजे ऑनलाइनला ९ वजा १ वजा २, असे ६ दाखवले. अकरा ते तीन या वेळात दुकानात २ गेले आणि ऑनलाइन २ ऑर्डरी आल्या. ऑनलाइन बाजारानं आपला आकडा स्वतः ६ वरून ४ केला. दुकानातल्या दोन विक्रींची नोंद फॉर्मातून झाली होती. ऑनलाइनच्या दोन ऑर्डरी मात्र वहिनी रात्री पार्सल बांधताना नोंदवत असत. त्यामुळे तीन वाजता शीट म्हणाली, शिल्लक ७, ठेवलेली १, राखीव २, ऑनलाइनला द्या ४. बाजारावरही ४ च दिसत होते. दोन्ही आकडे जुळले म्हणून कोणाला शंका आली नाही.

प्रत्यक्षात कपाटात ऑर्डर न आलेल्या साड्या होत्या ५, त्यातली एक मावशींची. मोकळ्या ४. त्या चारही ऑनलाइनला दाखवल्या गेल्या, म्हणजे राखीव शून्य झाला. संध्याकाळी दुकानात एक गेली, ऑनलाइन चारही गेल्या, आणि शेवटच्या ऑर्डरीसाठी उरली मावशींची साडी.

गोम सगळी क्रमात होती. आकडा चढवण्याआधी ऑनलाइनच्या ऑर्डरी शीटमध्ये उतरवल्या असत्या तर तीन वाजता शिल्लक ५ निघाली असती आणि ऑनलाइनला २ गेले असते. मग संध्याकाळी दुकानात एक आणि ऑनलाइन दोन जाऊनही मावशींची साडी जागेवर राहिली असती, वर एक नग शिल्लक उरला असता. तेव्हापासून क्रम ठरला आणि वहिनींनी तो संगणकाच्या वर कागदावर लिहून चिकटवला: आधी ऑर्डरी उतरव, मग शीटवरचा आकडा बघ, मग चढव. बाजाराच्या पोर्टलवरून ऑर्डरींची फाईल उतरवून ‘Nond’ पानावर चिकटवायची. फॉर्म सोडून त्या पानावर थेट लिहिलं जातं ते एवढंच, आणि ते एकट्या वहिनीच करतात. दिवसातून तीनदा तेच केल्यावर एखादी ऑर्डर दोनदा चिकटण्याची शक्यता असते, म्हणून पुढच्या रकान्यात एक तपास ठेवला:

```
=COUNTIFS(F:F,F2,B:B,B2)
```

इथे एकाहून मोठा आकडा आला की ती ऑर्डर दोनदा आलेली. नुसता ऑर्डर क्रमांक तपासून भागत नाही, कारण एकाच ऑर्डरीत दोन वेगळ्या साड्या असू शकतात. म्हणून क्रमांक आणि कोड दोन्ही जुळतात का ते बघायचं.

हे सगळं नऊ नग असलेल्या साडीला चालतं. एकच नग उरलेल्या साडीला यातलं काहीच चालत नाही. राखीव एक ठेवला तर ती ऑनलाइन कधी दिसणारच नाही. राखीव शून्य केला तर जांभळ्या साडीचा किस्सा पुन्हा होणार. आणि या दुकानातला चांगला माल बराचसा एकेकच नगाचा: खेपेतला शेवटचा, किंवा मुद्दाम विणून घेतलेला. मी आधी बरीच खटपट केली, चढवण्याच्या वेळा वाढवून बघितल्या, पण इथे हिशेबानं सुटका नाही. एक नग दोन ठिकाणी विकायला ठेवायचा नाही, एवढंच करता येतं.

म्हणून ‘Maal’ पानावर ‘वाट’ असा एक रकाना वाढवला. `DONHI` म्हणजे दोन्हीकडे, `DUKAN` म्हणजे फक्त दुकानात, `ONLINE` म्हणजे फक्त ऑनलाइन. कुठल्याही साडीची शिल्लक राखीवाइतकी किंवा त्याखाली आली की `DONHI` ला ऑनलाइनचा आकडा आपोआप शून्य होतो, म्हणजे ती दुकानाची होते. त्यातली एखादी ऑनलाइनच जास्त चालणारी असेल तर वहिनी तिला हातानं `ONLINE` करतात. ऑनलाइनला द्यायच्या आकड्याचं सूत्र असं आहे, B म्हणजे शिल्लक, C ठेवलेली, D राखीव, E वाट:

```
=IF(E2="DUKAN",0,IF(E2="ONLINE",MAX(0,B2-C2),MAX(0,B2-C2-D2)))
```

`ONLINE` साड्या दुकानाच्या कपाटातून काढून आतल्या खोलीत ठेवल्या. हे शीटच्या बाहेरचं काम, पण ते केलं नसतं तर वरचं सूत्र कागदावरच राहिलं असतं. गिऱ्हाइकासमोर घडी उलगडली गेली की ‘ही ऑनलाइनची आहे’ म्हणून परत घालायचं धैर्य काकूंना कधीच झालं नसतं. तरी एखादी बाई फोनवर ऑनलाइनचा फोटो दाखवत येतेच. तेव्हा आधी पोर्टलवर जाऊन ती साडी शून्य करायची, नवी ऑर्डर पडली नाही ना ते बघायचं, आणि मगच बिल.

यात एक बारकावा आहे. `ONLINE` साड्यांचा आकडा तीन वेळच्या चढवण्यात घालायचा नाही. समजा वहिनींनी तीन वाजता ऑर्डरी उतरवल्या आणि चढवायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत ती एकमेव साडी ऑनलाइन विकली गेली. बाजारानं शून्य केलं, आणि वहिनींच्या फाईलीनं त्यावर पुन्हा १ लिहिलं. जास्त नग असलेल्या साड्यांना या पाच मिनिटांची भीती नाही, त्यांना राखीव सांभाळून घेतो. म्हणून `ONLINE` साडीचा आकडा पहिल्यांदा टाकताना एकदाच १ करायचा, आणि नंतर हात लावायचा तो फक्त शून्य करण्यासाठी. चढवायच्या फाईलीत फक्त `DONHI` च्या ओळी जातात.

परत आलेल्या मालाचंही तसंच आहे. गिऱ्हाइकानं ‘परत करते’ म्हटलं की पोर्टलवर लगेच दिसतं, पण साडी अजून तिच्या घरी असते. ती यायला आठवडा लागतो, कधी तर आलेली साडी भलतीच असते किंवा फॉल लावलेली असते. `IN` ची नोंद पार्सल उघडून, घडी पूर्ण उलगडून, काठ आणि पदर बघूनच करायची.

हिशेब बघणारा म्हणून माझा एक आग्रह होता, त्यावरून वहिनींशी थोडा वाद झाला. ऑनलाइनच्या सूत्रात `MAX(0,…)` आहे, तसं त्यांना शिलकीच्या रकान्यातही हवं होतं, कारण ‘उणे एक साडी’ बघायला विचित्र दिसतं. मी ते घालू दिलं नाही. शिल्लक उणे दिसते म्हणजे काहीतरी गेलेलं नोंदलं आहे जे आलेलं नोंदलंच नव्हतं, किंवा विक्री चुकीच्या कोडाखाली गेली आहे. शून्यानं ते झाकलं तर चूक तिथेच मुरते. आता उणे आकडा लाल होतो आणि त्याच दिवशी तपासला जातो.

उणे न होणाऱ्या चुका मात्र लाल होत नाहीत. त्यासाठी मोजावंच लागतं. सगळं दुकान एकदम मोजणं वर्षातून एकदाच जमतं, म्हणून दर सोमवारी दुपारी एक कप्पा मोजतात. ज्यांचे नग राखीवाच्या जवळ आले आहेत त्या साड्या मात्र दर आठवड्याला, कुठल्याही कप्प्यात असोत. मोजणीत फरक सापडला की तो कशा तऱ्हेचा आहे त्यावरून कारण बरंचसं कळतं. एकाच कोडात एक कमी असेल तर विक्रीची नोंद राहिली आहे किंवा साडी पसंतीला गेली आहे आणि ‘Rakhun’ मध्ये लिहिली नाही. एक जास्त असेल तर बहुतेक वेळा ती फॉल-पिकोची साडी निघते. विकलेली साडी फॉल-पिकोला जाते, चार दिवसांनी परत येते, गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत दुकानातच पडून राहते, आणि कोणीतरी ती घडी घालून कपाटात ठेवतं. मोजणाऱ्याला ती शिलकीतली वाटते. हा प्रकार सापडल्यावर फॉल-पिकोहून आलेल्या साड्यांसाठी गल्ल्यामागे वेगळी पेटी केली.

सगळ्यात चिवट निघाली ती जोडीतली तफावत: एका कोडात एक जास्त, दुसऱ्यात एक कमी. एकूण नग बरोबर, म्हणून बरेच दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही. ही बदलून नेलेली साडी. बाई दुसऱ्या दिवशी येतात, ‘सुनेला हा रंग नाही आवडला’ म्हणतात, किंमत सारखीच असते, एक साडी देऊन दुसरी नेतात. पैशांचा व्यवहार नाही, बिल नाही, खिळ्याला काही टोचायचं नाही, म्हणून फॉर्मही नाही. पण ऑनलाइनच्या दृष्टीनं एक साडी कपाटात आली आणि दुसरी गेली. जी गेली ती दोनच नगांतली असेल तर जादा विक्रीची तयारी झालीच. आता बदलीसाठीही बिलबुकातलं एक पान फाडतात, रक्कम शून्य, दोन्ही कोड लिहून. फॉर्म दोनदा भरायचा, एकदा `IN`, एकदा `OUT`.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस ही पद्धत पुरी पडत नाही, हे पहिल्याच वर्षी दिसलं. राजवाड्यापासून आत सगळीकडे गर्दी, दुकानात तीन-चार बायका एकदम, आणि फॉर्म भरायला अर्धा-अर्धा तास उशीर. राखीव दोनाचा पाच करावा लागतो, आणि पाच केला की निम्मा माल ऑनलाइनवरून नाहीसा होतो. म्हणून त्या दिवसांत वहिनी `DONHI` ठेवतच नाहीत. धनत्रयोदशीच्या दोन आठवडे आधी प्रत्येक कोडचे नग वाटून टाकतात, ऑनलाइनचे आतल्या खोलीत, दुकानाचे बाहेर, आणि दोन्हीकडे वेगळे कोड, ऑनलाइनच्या मागे `-O` लावून. एका बाजूचा माल संपला आणि दुसऱ्या बाजूला पडून राहिला असं थोडं होतंच. रोज रात्री एकदा बघून इकडचे दोन तिकडे हलवतात, एका कोडला `OUT`, दुसऱ्याला `IN`. गेल्या दिवाळीत दुकानात चटाई काठ संपला होता आणि आत सहा पडले होते. ते काकूंना रात्री साडेनऊला कळलं, आणि बाहेर काढायच्या आधी त्यांनी वहिनींना पोर्टल उघडून सहा नग शून्य करायला लावले.